भाडे किती आणि गच्ची कोणाची?

सदरमधल्या रेसिडेन्सी रोडवर जुन्या व्यापारी इमारतींच्या जिन्यात एक दृश्य नेहमी दिसते. पहिल्या मजल्यावर डाव्या हाताला बँकेची शाखा, उजव्या हाताला दोन-तीन भागीदारांचे लेखापरीक्षकांचे ऑफिस. जिना तोच, पाण्याची टाकी तीच, बरेचदा मालकही तोच. दोघांचे करार एकाच महिन्यात संपणार असतील, तर मालक एकच मजकूर टाइप करून दोन्ही दारांखाली सरकवतो: पुढील पाच वर्षांसाठी भाडे इतके, वाढ इतकी, दुरुस्ती भाडेकरूकडे, पंधरा दिवसांत कळवावे. पण कायद्याच्या दृष्टीने ही दोन दारे दोन वेगळ्या जगांत उघडतात आणि त्या एकाच कागदाचा अर्थ दोन्हीकडे सारखा राहत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा 31 मार्च 2000 पासून राज्यभर लागू झाला. त्याच्या कलम 3 ने काही भाडेकरूंना संरक्षणातून बाहेर ठेवले आहे. बँका, सार्वजनिक क्षेत्रातले उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या त्यात येतात. सरकारी विमा कंपन्या हे सार्वजनिक उपक्रमच आहेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2008 मध्ये लीलाबाई पानसरे विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्यायालयाने होकार दिला. कॅरोना कंपनीच्या 2007 च्या प्रकरणात कंपनीचे म्हणणे होते, की तोट्याने भांडवल संपून गेले आहे, तेव्हा आम्हाला लहान भाडेकरू समजा. न्यायालयाने ते मानले नाही. भरणा झालेले भांडवल कागदावर एक कोटीच्या वर असेल, तर संरक्षण नाही.

म्हणजे डाव्या हाताची बँक मुदत संपल्यावर केवळ कराराच्या आणि 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या भरवशावर उभी आहे. उजव्या हाताच्या भागीदारी फर्मने जागा खऱ्या अर्थाने भाडेपट्ट्याने घेतली असेल, तर मुदत संपली एवढ्या कारणाने तिला बाहेर काढता येत नाही. प्रमाणभूत भाडे आणि परवानगी असलेली वाढ ती देत राहील, तोवर कलम 15 तिच्या बाजूला आहे. मालकाला गरज, थकबाकी, परवानगीशिवाय पक्के बांधकाम अशा कलम 16 मधल्या कारणांपैकी एखादे सिद्ध करावे लागते.

विदर्भातल्या जुन्या भाडेकरूंच्या मनात मात्र अजून एक वेगळाच कायदा बसलेला आहे. सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, 1949. त्या काळात नागपुरातल्या मालकाला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे आणि जागा रिकामी झाली की ती सरकारी यंत्रणेला कळवावी लागे. 2000 मध्ये तो आदेश गेला आणि वाद लघुवाद न्यायालयाकडे आले. तरीही सदरमधली एखादी जुनी पावती पाहून ‘आधी कंट्रोलरकडे जावे लागेल’ असे सांगणारे आजही भेटतात, आणि त्या समजुतीवर प्रस्तावाला उत्तरच न देणारे भाडेकरूही भेटतात. ते चुकतात.

या सगळ्यातून मालकांनी काढलेली वाट म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. नवी व्यापारी जागा आता सहसा भाडेपट्ट्याने दिली जात नाही, साठ महिन्यांपर्यंतच्या परवान्यावर दिली जाते. परवानाधारकाला जागेत हितसंबंध मिळत नाही, फक्त वापरण्याची मुभा मिळते. मुद्रांकातही मोठा फरक पडतो. साठ महिन्यांपर्यंतच्या परवान्यावर एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे दरसाल 10 टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का शुल्क लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यावर मात्र बाजारमूल्याच्या 10 टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क बसते. ऐंशी लाखांच्या गाळ्यावर नुसता 5 टक्के मूळ दर धरला तरी चाळीस हजार रुपये होतात, तर त्याच गाळ्याचा परवाना आठ-नऊ हजारांत नोंदवून होतो. म्हणून प्रस्तावाच्या कागदावर पहिली ओळ वाचायची ती भाड्याची नव्हे. हा भाडेपट्टा आहे की परवाना, हे आधी पाहायचे. आजवर भाडेपट्ट्यावर असलेल्या फर्मपुढे ‘नूतनीकरण’ म्हणून लिव्ह अँड लायसन्सचा कागद आला आणि तिने सही केली, तर वर्षानुवर्षांचे संरक्षण तिने एका सहीने सोडल्यासारखे होते. भाडे दोन हजारांनी कमी करून घेतल्याच्या आनंदात ही गोष्ट सुटते.

नूतनीकरण आणि मुदतवाढ यांतही कायदा फरक करतो. मूळ करारातच मुदतवाढीची तरतूद असेल आणि अटी त्याच राहणार असतील, तर जुना करार लांबतो. नूतनीकरण म्हणजे नवा करार, नवा दस्त, नवी नोंदणी. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद प्रभासचंद्र दलुई आणि लालजी टंडन यांच्या प्रकरणांत स्पष्ट केला आहे. भाडे बदलणार, वाढीची पद्धत बदलणार, दुरुस्तीचे कलम बदलणार, म्हणजे तो नवाच करार आहे आणि तो लेखी व नोंदणीकृत असायला हवा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला म्हणजे नोंदणी टळली, ही समजूत इथे चालत नाही. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, आणि ते खोटे ठरवण्याचे ओझे मालकाच्या डोक्यावर येते.

सदरचा आणखी एक विशेष. इथली बरीच जमीन नझूलची आहे, म्हणजे मालक म्हणवणाराच सरकारचा पट्टेदार असू शकतो. शहरात इतरत्र हाच प्रश्न नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्यांबाबत येतो. मालकाच्या स्वतःच्या पट्ट्याची मुदत संपलेली किंवा नूतनीकरण अडकलेले असेल, तर तो पुढच्या पाच वर्षांसाठी काय देऊ शकतो, हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. प्रस्तावाच्या उत्तरात पट्ट्याच्या शेवटच्या नूतनीकरणाची प्रत मागावी. बँका ती मागतात, लहान फर्म संकोचतात.

आता भाडे. एक नमुना घेऊ. त्यातले आकडे उदाहरणापुरते आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. चारमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर 900 चौरस फूट कार्पेटचे ऑफिस, मालकाच्या हिशेबाने बिल्टअप 1,200. भाडेकरू म्हणजे भागीदारी फर्म, साठ महिन्यांचा परवाना मार्चअखेर संपतो. सुरुवातीचे भाडे 36,000 होते आणि दरवर्षी मागच्या भाड्यावर 5 टक्के वाढ होती, त्यामुळे शेवटच्या वर्षी ते 43,758 वर आले आहे. मालकाचा प्रस्ताव: 54,000 भाडे, पहिली तीन वर्षे स्थिर, चौथ्या वर्षापासून 15 टक्के वाढ, सर्व दुरुस्त्या भाडेकरूकडे.

मालक म्हणतो, ‘भाऊ, पंचेचाळीसच्या भावाने लावलं, आजूबाजूला पन्नास चालू आहे.’ तो पंचेचाळीस रुपये बिल्टअपवर मोजतो आहे. कार्पेटवर मोजले तर हाच दर साठ होतो. समोरच्या इमारतीतले ‘पन्नास’ कशावर मोजलेले आहेत, हे कळल्याशिवाय तुलना करताच येत नाही. गल्लीतल्या दलालाच्या तोंडी हिशेबावर अवलंबून राहण्याचे आता कारण नाही. नोंदणी झालेल्या परवान्यांची इंडेक्स-टू नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पाहता येते, आणि तिच्यात भाडे, डिपॉझिट, क्षेत्रफळ आणि मुदत लिहिलेली असते. त्याच रस्त्यावरची, गेल्या दीड-दोन वर्षांतली तीन-चार नोंदणीकृत उदाहरणे काढली आणि सगळी कार्पेटवर आणली, की चर्चेला जमीन मिळते. रेडी रेकनरचा दर मात्र इथे पुढे करू नये. तो विक्रीच्या मूल्यासाठी आणि मुद्रांकासाठी आहे, भाड्याचा पुरावा नव्हे. शिवाय मानकापूर–सदर उड्डाणपुलाच्या कडेचा दर्शनी गाळा आणि मागच्या गल्लीतला दुसरा मजला यांची तुलना होत नाही. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसला दर्शनी भागाचा फायदा मिळत नाही, त्याला लिफ्ट आणि पार्किंग लागते.

फर्मने उलट प्रस्ताव दिला: 48,000 भाडे, दरवर्षी 5 टक्के वाढ. कागदावर दोन वाढींची तुलना करताना डोळे फसतात. तीन वर्षांनी 15 टक्के आणि दरवर्षी 5 टक्के हे एकच आहे, असे दोन्ही बाजूंना वाटते. तसे नाही. 100 रुपयांपासून सुरुवात केली आणि नऊ वर्षे मोजली, तर दरवर्षी 5 टक्क्यांच्या पद्धतीत वार्षिक भाड्यांची बेरीज सुमारे 1,103 होते, तीन वर्षांनी 15 टक्क्यांच्या पद्धतीत सुमारे 1,042. सुरुवातीचा आकडा सारखा असेल, तर तीन वर्षांची पायरी भाडेकरूच्या फायद्याची ठरते, कारण मधली दोन वर्षे भाडे हलत नाही. पाच वर्षांच्या करारातही ती फायद्याचीच ठरते, चढायला एकच पायरी मिळते. आपल्या उदाहरणात मालकाच्या प्रस्तावाचे पाच वर्षांचे भाडे 34,34,400 होते आणि फर्मच्या प्रस्तावाचे सुमारे 31,82,800. अंतर अडीच लाखांचे. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो दुरुस्तीच्या पानावर पुन्हा लागणार आहे.

वाढीच्या कलमात तीन शब्द तपासावेत. वाढ ‘मागील भाड्यावर’ की ‘मूळ भाड्यावर’: मागीलवर म्हणजे चक्रवाढ. वाढ कोणत्या तारखेपासून: करार सुरू झाल्यापासून की ताबा मिळाल्यापासून. आणि वाढ कशावर: नुसत्या भाड्यावर की मेंटेनन्सच्या रकमेवरही. शेवटच्या मुद्द्यावर भाडेकरू सर्वांत जास्त नाडला जातो. लिफ्ट, सफाई, पहारेकरी यांचा खर्च प्रत्यक्ष बिलाप्रमाणे वाटायचा ठरला असेल, तर त्यावर पुन्हा 5 टक्के वाढ घेण्याला आधार नाही.

संरक्षित भाडेकरूची गोष्ट निराळी. त्याच्याबाबत कलम 11 मालकाला दरसाल 4 टक्के वाढीचा हक्क देते. प्रमाणभूत भाडे ठरवण्यासाठी 1 ऑक्टोबर 1987 ही तारीख कायद्याने महत्त्वाची मानली आहे. हे 4 टक्के कुठून आले, हे माहीत असलेले बरे. मुंबईच्या जुन्या 1947 च्या कायद्यात भाडी 1940 च्या पातळीवर गोठलेली होती. डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती गोठवणूक आता वाजवी राहिली नाही असे म्हटले, आणि नवा कायदा आला. भाडे दरवर्षी थोडे हलले पाहिजे हे त्या निकालामागचे तत्त्व होते. सदरमधला जो मालक वीस वर्षे ही 4 टक्क्यांची वाढ मागत नाही आणि मग एकदम चौपट भाड्याचा प्रस्ताव देतो, तो हक्काची वाढही गमावतो आणि भाडेकरूचा विश्वासही.

मग दुरुस्ती. नूतनीकरणाच्या चर्चेत सगळा वेळ भाड्यावर जातो आणि दुरुस्तीचे कलम जुन्या करारातून जसेच्या तसे उचलले जाते. सदरच्या जुन्या इमारतींत खरा पैसा तिथे आहे, भाड्याच्या दोन रुपयांत नाही.

करार गप्प असेल तेव्हा कायदा काय म्हणतो, हे आधी पाहू. संरक्षित भाडेकरूसाठी भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 14 आहे. उलट करार नसेल, तर जागा राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाची. त्याने हेळसांड केली, तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘सर्व दुरुस्त्या भाडेकरूकडे’ या एका ओळीने हा हक्क जातो.

बँकेसारख्या असंरक्षित पट्टेदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 लागू होते. त्यात मालकाने जी दुरुस्ती करणे बंधनकारक आहे ती न केल्यास भाडेकरू करू शकतो, असे म्हटले आहे. पण मालकावर दुरुस्तीचे बंधन त्या कलमाने आपणहून घातलेले नाही. ते कराराने घालावे लागते. उलट भाडेकरूवर मात्र जागा मिळाली त्या स्थितीत ठेवण्याचे बंधन आहे, नेहमीच्या वापराची झीज आणि अनावर आपत्ती वगळून. परवानाधारकाकडे तर तेवढेही नाही. परवान्याच्या करारात गच्चीबद्दल काहीच लिहिले नसेल, तर गच्ची कोणाचीच नाही, आणि पावसाळ्यात पाणी मात्र भाडेकरूच्या संगणकावर पडते.

आपल्या नमुन्यातल्या फर्मच्या कॉन्फरन्सच्या खोलीत फॉल्स सीलिंगवर डाग आहे. मालक म्हणतो एसीचे पाणी आहे, भाडेकरू म्हणतो गच्ची गळते. हा वाद नागपुरात जवळजवळ प्रत्येक वरच्या मजल्यावर होतो आणि तो सोडवण्याची रीत साधी आहे. डाग कधी वाढतो ते पाहायचे. जुलै–ऑगस्टमध्ये वाढून नोव्हेंबरपर्यंत सुकणारा डाग गच्चीचा. वर्षभर ओला राहणारा डाग नळाचा किंवा पाण्याच्या पाइपाचा. एप्रिल–मे महिन्यात, पाऊस नसताना पसरणारी ओल एसीच्या निचऱ्याची किंवा कूलरची. पारा पंचेचाळीसवर गेलेल्या शहरात खिडकीबाहेर बसवलेल्या कूलरची टाकी दिवसभर ठिबकत असते, ते पाणी छज्ज्यावरून भिंतीत उतरते आणि आतल्या बाजूला रंगाचे पोपडे निघतात. ती ओल भाडेकरूची. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी आणि महिन्याने पुन्हा पाहावे. तरीही शंका असेल, तर गच्चीचे निचरे बंद करून तिथे एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवावे. ही पाँडिंग चाचणी मार्चमध्ये, दोघांच्या उपस्थितीत, करारावर सही होण्याआधी करायची. जूनमध्ये केली तर तिचा उपयोग उरत नाही.

समजा चाचणीत गच्ची गळते हे ठरले. दीड हजार चौरस फुटांच्या वॉटरप्रूफिंगचे कोटेशन 1,80,000 आले, आणि फॉल्स सीलिंग, त्यामागची जळकी वायरिंग व रंग यांचे 70,000. एकूण अडीच लाख. मघाशी दोन प्रस्तावांतले अंतरही एवढेच होते. म्हणजे मालकाच्या प्रस्तावातली ‘सर्व दुरुस्त्या भाडेकरूकडे’ ही ओळ साठ महिन्यांत विभागली, तर महिन्याला 4,167 रुपयांची पडते. 54,000 च्या भाड्यात ती जवळजवळ 8 टक्क्यांची छुपी भर आहे. वाढ 5 टक्के की 15 टक्के यावर आठवडाभर घासाघीस करून ही ओळ तशीच सोडली, तर सगळी मेहनत वाया जाते.

खर्चाची वाटणी कशी करावी, यासाठी एक तयार नमुना उपलब्ध आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्याच्या परिशिष्टात मालकाकडे इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप बदलणे आणि गरज पडेल तेव्हा वायरिंग दिली आहे, तर भाडेकरूकडे नळाचे वॉशर, तुंबलेल्या मोरीची सफाई, संडासाची किरकोळ दुरुस्ती, बटणे-सॉकेट, कुलपे, खिडकीच्या काचा. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही, पण त्याची यादी करारात उतरवायला कोणाचीच हरकत नसते. ऑफिससाठी तीत भर घालावी लागते ती एसी, मंजूर वीजभार आणि अग्निसुरक्षा यांची. वीजभार वाढवायचा तर महावितरणकडचा अर्ज सहसा मालकाच्या नावाने होतो, तेव्हा सहीचे बंधन करारातच असावे. आगीच्या यंत्रणेचे तपासणीपत्र, म्हणजे फॉर्म बी, राज्याच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते कोण काढणार आणि पैसे कोण भरणार, हे लिहिलेले नसेल तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार संरचना स्थिरतेचे प्रमाणपत्र लागते. नूतनीकरणाच्या वेळी ते मागणे हा भाडेकरूचा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. अहवालात खांबांच्या सळया उघड्या पडल्याचे लिहिलेले असेल, तर पाच वर्षांचा लॉक-इन मान्य करणे शहाणपणाचे नाही.

गच्चीबाबत एक अडचण मालकाचीही खरी आहे. नागपुरात पुष्कळ इमारती 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषित झालेल्या आहेत आणि गच्ची ही सगळ्या गाळेधारकांची सामाईक असते. एका गाळ्याचा मालक एकटा ती उकरू शकत नाही, संघटनेची संमती आणि वर्गणी लागते. अशा वेळी ‘मालक वॉटरप्रूफिंग करील’ असे लिहून घेणे म्हणजे न पाळता येणारे वचन घेणे. त्याऐवजी मालकाने संघटनेकडून 31 मेपर्यंत काम करून घ्यावे आणि न झाल्यास काम होईपर्यंत जुनेच भाडे चालू राहावे, असे लिहिले तर दोघांनाही वाट मिळते. मालकाला संघटनेच्या बैठकीत दाखवायला एक तारीख मिळते.

आपल्या नमुन्यात तडजोड अशी बसते: भाडे 50,000, दरवर्षी मागील भाड्यावर 5 टक्के, गच्ची मालकाकडे, फॉल्स सीलिंग आणि आतला रंग फर्मकडे, नवे भाडे गच्चीचे काम झाल्याच्या पुढच्या महिन्यापासून. पाच वर्षांचे भाडे सुमारे 33,15,400 होते. मालकाला पहिल्या मागणीपेक्षा सव्वा लाखाच्या आत कमी मिळते आणि गच्चीचे 1,80,000 लागतात. तो का मान्य करील? कारण फर्म गेली आणि जागा चार महिने रिकामी राहिली, तर 54,000 च्या हिशेबाने 2,16,000 जातात, दलाली वेगळी, आणि गळती गच्ची पुढच्या भाडेकरूलाही दिसणारच. फर्मलाही जागा सोडायची तर नवे फर्निचर, जीएसटी नोंदणीतला पत्ता, बँक, ग्राहकांना कळवणे हे सगळे आहे. दोघांचीही निघून जाण्याची किंमत मांडली, की चर्चेतला आवाज आपोआप खाली येतो.

करांचा मुद्दा थोडक्यात. व्यापारी भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू असेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून तो कर भाडेकरूने उलट पद्धतीने भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्यांना नंतर सूट मिळाली. लेखापरीक्षकाला तो कर आपल्या देय करातून वळता करता येतो, डॉक्टरला येत नाही, कारण आरोग्यसेवा करमुक्त आहे. म्हणून त्याच मजल्यावरच्या क्लिनिकने 50,000 चा प्रस्ताव जीएसटी लागू असल्यास 59,000 असाच वाचायला हवा. महापालिकेचा मालमत्ता कर कोणाकडे, आणि तो वाढला तर वाढ कोणाकडे, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून लिहावेत.

इंग्लंडमध्ये 1954 च्या कायद्याने व्यापारी भाडेकरूला नूतनीकरणाचा हक्क दिला आहे. जमले नाही तर न्यायालय बाजारभावाने नवे भाडे ठरवते. त्याच वेळी तिथल्या पट्ट्यांत संपूर्ण दुरुस्ती भाडेकरूकडे देण्याची प्रथा जुनी आहे, आणि म्हणूनच सही करण्याआधी जागेच्या स्थितीची छायाचित्रांसह नोंद कराराला जोडण्याची सवयही तिथे रुजली. सदरमध्ये ही सवय फुकट उचलण्यासारखी आहे. प्रत्येक खोलीचे तारखेचे फोटो, डाग, तडे, फुटक्या फरशा, मीटरचे आकडे, एसीचे क्रमांक, आणि दोघांच्या सह्या. सोडून जाताना डिपॉझिटमधून ‘भिंती खराब केल्या’ म्हणून होणारी कपात याच कागदावर अडते. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी ही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे पक्की बांधकामे नाहीत, मात्र गरज असेल तिथे महापालिकेची परवानगी लागते. तरी ती कोण नेणार हे लिहिलेले चांगले.

राहिली तारीख. प्रस्ताव येतो मार्चमध्ये, करार संपतो मार्चअखेर, आणि एप्रिलमध्ये फर्म जुन्याच भाड्याचा धनादेश पाठवते. मालकाने तो काही न बोलता वटवला, तर भाडेपट्ट्याच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 116 प्रमाणे महिनेवारी भाडेदारी सुरू झाल्याचा दावा उभा राहतो. म्हणून सावध मालक ‘हक्क राखून, वापराची भरपाई म्हणून स्वीकारले’ असे लिहून पावती देतो, आणि सावध भाडेकरू धनादेशासोबत ‘चर्चा चालू असताना भाड्यापोटी’ असे पत्र जोडतो. निष्काळजी भाडेकरूला अशा वेळी काय महागात पडू शकते, हे मुंबईतल्या सुपरमॅक्स इंटरनॅशनलच्या प्रकरणाने दाखवले. तिथे भाडेकरू खुद्द महाराष्ट्र शासन होते. जागा सोडण्याचा हुकूम झाल्यावर आव्हान चालू असताना जुन्या भाड्यावर बसता येणार नाही, बाजारभावाने रक्कम जमा करावी लागेल, असे उच्च न्यायालयाने सांगितले आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. महिना पाच हजारांच्या आसपासचे भाडे पाच लाखांवर गेले. चर्चा सहा महिने आधी, म्हणजे मार्चअखेरच्या करारासाठी सप्टेंबरअखेर, सुरू करावी. पावसाळा नुकताच संपलेला असतो, गच्चीचा डाग ओला असतो आणि मालकाला तो प्रत्यक्ष दाखवता येतो.